कोकणकड्याच्या आभाळातल्या पायऱ्या: एका टाइमलॅप्सची दुरुस्ती

गुरुवारी रात्री साडेदहाला फिल्म पहिल्यांदा घरच्या टीव्हीवर लावली आणि सूर्यास्ताचा शॉट आल्यावर आमची बडबड थांबली. कोकणकड्यावरून घेतलेला टाइमलॅप्स होता. नोव्हेंबरातलं स्वच्छ आभाळ, ढगाचा ठिपकासुद्धा नाही, खाली केशरी आणि वर गडद निळं. मधली छटा अलगद उतरायला हवी होती. दिसत होत्या त्या पायऱ्या, कागदाचे रंगीत पट्टे एकावर एक चिकटवावेत तशा. अंधार पडत जाईल तसे ते पट्टे हळूहळू खाली सरकत होते. स्थिर फोटोत हे कदाचित डोळ्यांआड झालं असतं, पण सरकणारी रेघ नजरेतून सुटत नाही.

फिल्म शनिवारी संध्याकाळी आमच्या ट्रेकिंग ग्रुपच्या कार्यक्रमात बारा फुटी पडद्यावर दाखवायची होती. शॉट १८ सेकंदांचा. दर आठ सेकंदांना एक असे तासाभरात घेतलेले ४५० फोटो, २५ फ्रेमच्या वेगाने लावलेले. फोटो ज्या मित्राने काढले त्यानेच ते रॉमधून, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधून, डेव्हलप करून मला जेपेग दिले होते, ३८४० बाय २१६० मापाचे. मूळ रॉ त्याच्या नाशिकच्या घरी डिस्कवर, साधारण ११ जीबी. त्याच्याकडचं इंटरनेट पाहता शनिवारच्या आत ते माझ्यापर्यंत पोचणं कठीण होतं.

सगळ्यांचं पहिलं मत एकच पडलं, की फिल्म ८ बिटमध्ये, म्हणजे दर रंगाच्या फक्त २५६ पातळ्यांत, एक्सपोर्ट केली म्हणून असं झालं, १० बिटमध्ये काढ. मलाही तसंच वाटलं. शिवाय टीव्हीवर थोडा संशय होता. टीव्हीचा संशय फेडणं सोपं गेलं: मित्राने एकच रॉ फाइल डेव्हलप करून १६ बिट टिफमध्ये पाठवली, मी तिचा ८ बिट पीएनजी केला आणि त्याच टीव्हीवर लावला. आभाळ गुळगुळीत. म्हणजे टीव्ही निर्दोष. पण त्याच क्षणी दुसराही सिद्धांत डळमळला, कारण हा पीएनजीही ८ बिटचाच होता. ८ बिटमध्ये हे आभाळ नीट दिसू शकतं हे डोळ्यांसमोर होतं. मग पायऱ्या आल्या कुठून?

यापुढे नुसत्या नजरेवर विसंबायचं नाही असं ठरवलं. आभाळातली एक पिक्सेल रुंद आणि १२०० पिक्सेल उंच अशी उभी पट्टी कापायची आणि तिच्यात निळ्या चॅनेलच्या वेगवेगळ्या किमती किती आहेत ते मोजायचं. इमेजमॅजिकमध्ये ही एका ओळीची गोष्ट आहे:

```
magick sky_0310.jpg -crop 1x1200+1900+100 +repage \
  -channel B -separate -format "%k\n" info:
```

जेपेगचं उत्तर आलं ३१. मित्राने पाठवलेल्या टिफमधून तीच पट्टी मोजली तर ११००च्या वर. एवढ्या उंचीच्या आभाळात निळा रंग जेपेगमध्ये ९६ पासून १२६ पर्यंतच जातो, आणि ८ बिटमध्ये त्या दोन आकड्यांमध्ये ३१ पूर्णांकच बसतात. १२०० पिक्सेलना ३१ ने भागा, प्रत्येक पट्टा सुमारे ३९ पिक्सेलचा. आमच्या ५५ इंची टीव्हीवर तो सव्वा सेंटिमीटर भरतो, बारा फुटी पडद्यावर दोन बोटं रुंद.

तरीही एका पायरीचा, म्हणजे १०० वरून १०१ चा फरक इतका बोचत नाही. बोचला तो ग्रेडिंगमुळे. आभाळ नाट्यमय व्हावं म्हणून मी कर्व्ह ताणला होता, त्यात ९६ ते १२६ ची पट्टी ८४ ते १४४ झाली. जागा ६१ किमतींची, पण आत भरायला माझ्याकडे ३१च. एकाआड एक घर रिकामं. ग्रेड केलेल्या फ्रेमचा हिस्टोग्राम उघडला तर तो कंगव्यासारखा दिसत होता, आणि वेव्हफॉर्ममध्ये, म्हणजे चित्राच्या उजेडाच्या आलेखात, आभाळाची जाड तिरकी रेघ दिसायला हवी तिथे चक्क जिना. हा जिना एक्सपोर्टच्या आधी, टाइमलाइनमध्येच उभा होता.

दोन पट्ट्यांच्या सीमेवर डोळाही आगीत तेल ओततो. उजळ बाजू कडेपाशी आणखी उजळ आणि गडद बाजू आणखी गडद भासते. एर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये याचं वर्णन केलं म्हणून त्याला माख पट्टे म्हणतात. दोन पातळ्यांच्या फरकाची कडा त्यामुळे आहे त्याहून ठळक वाटते.

मित्राला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "अरे, सोपं आहे. मी सगळे जेपेग १६ बिट टिफ करून पाठवतो." त्याला नाही म्हणताना जरा वाईट वाटलं. पण जेपेगचं टिफ केलं तरी ३१ किमती ३१च राहणार. घरं वाढतील, माणसं तेवढीच. माझं ग्रेडिंग सॉफ्टवेअर, डाव्हिंची रिझॉल्व्ह, आतला हिशोब ३२ बिट फ्लोटमध्येच करतं, आणि त्यानेही काही वाचलं नव्हतं.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट बाहेर आली, आणि माझ्या मते तीच सगळ्यात जास्त नडली. रॉ डेव्हलप करताना त्याने नॉइज रिडक्शन चांगलं वर नेलं होतं, धुकं काढायचा स्लायडरही. सेन्सरचा बारीक नॉइज आपण शत्रू मानतो, पण अशा आभाळात तोच पायऱ्या मोडतो. खरी किंमत १००.२५ आहे असं धरा. नॉइज नसेल तर त्या भागातले झाडून सगळे पिक्सेल १०० होतात आणि पाव कायमचा जातो. किमतीत आधीच थोडी थरथर असेल तर चारातले साधारण तीन पिक्सेल १०० वर पडतात आणि एक १०१ वर. डोळा लांबून त्यांची सरासरी घेतो आणि त्याला १००.२५ च दिसतं. मुद्दाम केलेल्या या थरथरीला डिदर म्हणतात. पुढे अर्पानेट उभारणाऱ्या लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९६२ च्या निबंधात चित्रं कमी बिटांत पाठवण्यासाठी हीच युक्ती मांडली होती. मित्राच्या पीएनजीमध्ये नॉइज शाबूत होता, कारण ती एक फाइल त्याने घाईत कोणताही स्लायडर न हलवता काढली होती. म्हणून ती ८ बिटमध्येही गुळगुळीत दिसली.

एकूण गुन्हा तीन टप्प्यांत घडला होता. नॉइज पुसून ८ बिटमध्ये उतरवलं, मग ते ताणलं, आणि शेवटी ८ एमबीपीएसच्या तुटपुंज्या बिटरेटवर एच.२६४ मध्ये कोंबलं. शेवटच्या टप्प्याने नवे पट्टे फारसे घातले नाहीत, पण असलेल्या पट्ट्यांच्या कडा चौकोनी केल्या.

शुक्रवारची रात्र हातात होती आणि सामान म्हणजे फक्त जेपेग. हरवलेल्या किमती परत येत नाहीत, अंदाजाने भरता येतात. डीबँड फिल्टर तेच करतो: प्रत्येक पिक्सेलसाठी आजूबाजूचे चार पिक्सेल बघतो, फरक ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर त्यांची सरासरी ठेवतो, जास्त असेल तर ती खरी कडा समजून हात लावत नाही. रिझॉल्व्हच्या विकतच्या आवृत्तीत हा इफेक्ट आहे. माझी फुकटची, म्हणून आज्ञा लिहून चालवायच्या एफएफएमपेग या फुकट प्रोग्रामकडे वळलो.

पहिला प्रयत्न फसला, आणि चूक माझीच होती. मी ग्रेड केलेल्या क्लिपवर डीबँड लावला. तिथे पायरी दोन पातळ्यांची झाली होती, ती मिटवायची तर मर्यादा वाढवावी लागत होती. मर्यादा वाढवली की क्षितिजाजवळच्या, धुक्यात एकामागे एक पुसट होत जाणाऱ्या डोंगररांगाही पुसल्या जात होत्या, कारण त्यांच्यातला फरकही दोन-तीन पातळ्यांचाच. पट्टे आणि डोंगर फिल्टरला सारखेच. पायरी लहान असते तेव्हाच तिच्यावर काम केलं पाहिजे, म्हणजे आधी डीबँड आणि मग ग्रेड. वाक्य लिहायला सोपं आहे, त्या रात्री त्याला दीड तास लागला.

दुसऱ्या प्रयत्नात जेपेगवरच फिल्टर लावला आणि निकाल १० बिटमध्ये काढला:

```
ffmpeg -framerate 25 -i sky_%04d.jpg -vf \
"scale=in_color_matrix=bt601:out_color_matrix=bt709:in_range=full:out_range=limited,format=yuv444p10le,deband=1thr=0.006:2thr=0.006:3thr=0.006:range=40" \
-c:v dnxhd -profile:v dnxhr_hqx -pix_fmt yuv422p10le sky_deband.mov
```

यातले दोन आकडे समजून घेण्यासारखे आहेत. ८ बिटची एक पायरी म्हणजे १ भागिले २५५, सुमारे ०.००३९. फिल्टरची मूळ मर्यादा ०.०२ असते, म्हणजे पाच पातळ्या, आपल्या कामाला भलतीच जास्त. ०.००६ म्हणजे दीड पायरी. एक पायरी मिटते, दोन पायऱ्यांचा डोंगर वाचतो. दुसरा आकडा `range`, शेजारी किती लांबपर्यंत शोधायचा तो. मूळ किंमत १६ आहे, आणि मी आधी तीच ठेवली होती. तेव्हा पट्ट्यांच्या कडा मऊ झाल्या पण पट्टे तसेच दिसत राहिले. कारण उघड आहे: पट्टा ३९ पिक्सेल रुंद, आणि त्याच्या मधोमध असलेल्या पिक्सेलला १६ च्या अंतरात आपल्यासारखेच शेजारी भेटतात, त्यामुळे सरासरी बदलत नाही. अंतर ४० केलं तेव्हा उतार सलग झाला. म्हणून हा आकडा अंदाजाने टाकू नये, आधी पट्टा मोजावा.

आज्ञेतला `scale` चा लांबलचक तुकडा फक्त रंग जागेवर ठेवण्यासाठी आहे. जेपेगचं रंगगणित बीटी ६०१ चं आणि एचडी व्हिडिओचं बीटी ७०९ चं. हे भाषांतर विसरलात तर पट्टे जातील, पण केशरीची छटा बदलेल आणि तुम्ही तासभर ग्रेडिंगला दोष देत बसाल.

१० बिट का, तर ८ बिटच्या एका पायरीत १० बिटच्या चार पायऱ्या बसतात. चार शेजाऱ्यांची सरासरी पाव, अर्धी, पाऊण अशीच येणार, ती ठेवायला तेवढी घरं लागतात. हाच फिल्टर ८ बिटमध्ये चालवला असता तर काढलेली सरासरी लगेच पूर्णांकात गेली असती आणि निम्मी मेहनत पाण्यात.

तळाच्या सगळ्यात पुसट रांगा मात्र याही मर्यादेत विरल्या, त्यांचा फरक एकाच पातळीचा होता. म्हणून तीच आज्ञा `deband` वगळून पुन्हा चालवली आणि रिझॉल्व्हमध्ये दोन्ही क्लिप एकावर एक ठेवल्या. वर डीबँड केलेलं आभाळ, खालच्या तीनशे पिक्सेलमध्ये मूळ चित्र, आणि दोन्हींमध्ये रुंद मऊ कडेचा मास्क. पहिल्या चांदण्यांची काळजी होती, पण चांदणी आसपासच्या आभाळापेक्षा दहा-वीस पातळ्यांनी उजळ असते, तिला फिल्टरने हातही लावला नाही.

मग तोच कर्व्ह ताणला. वेव्हफॉर्ममध्ये जिना नव्हता, पण उतार अगदी मेणासारखा गुळगुळीत होता, आणि हे चांगलं लक्षण नाही. असा उतार पुढे ८ बिटमध्ये उतरला की पुन्हा पट्टे पडणार, अरुंद का होईना. म्हणून सगळ्यात शेवटी, ग्रेडच्याही नंतर, ग्रेन म्हणजे बारीक रवाळ नॉइज घातला. प्रमाण जेमतेम: ८ बिटच्या हिशोबात एक-दीड पातळी खालीवर, आणि दर फ्रेमला बदलणारा. ग्रेन गोठलेला असेल तर काचेवर धूळ बसल्यासारखी दिसते.

इथवरचं मास्टर १० बिटमध्ये काढलं. आता शेवटची फाइल. १० बिट एचईव्हीसीही करून पाहिली. ती माझ्या मशीनवर सुंदर दिसली, पण हॉलमधला लॅपटॉप जुना होता, तिथे ती अडखळत चालली. म्हणजे निमूटपणे ८ बिट एच.२६४.

इथे आणखी एक खाचखळगा आहे. ग्रेन घातला म्हणजे तो पोचला असं नाही. एन्कोडर जागा वाचवायला निघतो तेव्हा सपाट भागातला एक-दोन पातळ्यांचा खडबडीतपणा त्याला पहिल्यांदा दिसतो, आणि तो खुशाल शून्य करतो. उरतो तो सपाट चौकोन, म्हणजे पुन्हा पट्टा. माझ्या पहिल्या ८ एमबीपीएसच्या फाइलमध्ये तेच झालं होतं. म्हणून:

```
ffmpeg -i master.mov -vf "zscale=dither=error_diffusion,format=yuv420p" \
-c:v libx264 -preset slow -crf 16 -tune grain -aq-mode 3 final.mp4
```

`zscale` दहावरून आठवर येताना किंमत नुसती कापत नाही, उरलेला अपूर्णांक शेजारच्या पिक्सेलांवर वाटून देतो. `tune grain` एन्कोडरला बारीक खडबडीतपणा जपायला सांगतो, आणि `aq-mode 3` बिटांचं वाटप गडद, सपाट भागांकडे झुकवतो, जिथे आपलं संध्याकाळचं आभाळ आहे. याची किंमत फाइलच्या आकारात मोजावी लागते. ग्रेन आभाळातून खाली डोंगरावरही असेल तर ती आणखी वाढते, म्हणून ग्रेनही मास्कच्या वरच्या भागापुरता ठेवला.

तपासणीची पद्धत सोपी आणि निर्दय आहे. तयार फाइल पुन्हा टाइमलाइनवर घेतली आणि आभाळाच्या भागाचा कॉन्ट्रास्ट चौपट केला. दडलेले पट्टे असतील तर या झोतात रेघा होऊन उभे राहतात. आधीच्या फाइलमध्ये झेब्रा दिसला. नव्यात रवाळ उतार आणि डावीकडे वर दोन अगदी पुसट रेघा, त्याही थांबवलेल्या फ्रेममध्येच. त्या मी तशाच सोडल्या, पहाटेचे तीन वाजले होते.

शनिवारी पडद्यावर पट्टे दिसले नाहीत. पहिल्या रांगेतून ग्रेन कळत होता, तिसऱ्या रांगेपासून नाही. तरी मला माहीत होतं की आभाळ खरं नव्हतं. क्षितिजावर धुळीचा जो तांबूस थर होता तो जेपेगमध्येच दोन-तीन किमतींत संपला होता, आणि डीबँडने त्याजागी एक साधा, सुबक उतार रंगवला होता.

पुढच्या आठवड्यात मित्र रॉची डिस्क घेऊन आला आणि आम्ही सगळं पुन्हा केलं. नॉइज रिडक्शन शून्य, धुक्याचा स्लायडर जवळपास शून्य, १६ बिट टिफ. फ्रेममागे सुमारे ५० एमबी, ४५० फ्रेमचे मिळून साधारण २२ जीबी. जेपेग काढण्यामागे जागा वाचवण्याचा हेतू होता, तो समजण्यासारखा आहे. पण ताणाताणी बाकी असेल तोवर मधल्या टप्प्यात ८ बिट नको, एवढं आता त्यालाही पटलं. या टिफवर तोच कर्व्ह लावला, डीबँड अजिबात नाही. सेन्सरचा नॉइज होताच, पण ६००० वरून ३८४० रुंदीला आणताना तो थोडा विरला होता, म्हणून ग्रेन नाममात्र घातला. एक्सपोर्टची आज्ञा अक्षरशः तीच, ८ बिटचीच. चौपट कॉन्ट्रास्टमध्ये एकही रेघ निघाली नाही, आणि धुळीचा तांबूस थर परत आला.

मग कोणीतरी तो शॉट ग्रुपच्या मेसेजिंग ॲपवर टाकला. ॲपने तो आपल्या पद्धतीने दाबला, ग्रेन गिळला, आणि फोनच्या पडद्यावर आभाळ पुन्हा पायऱ्या पायऱ्यांचं. मित्राचा मेसेज आला, "हे परत कसं काय?" त्याला फाइलची लिंक पाठवली.